विषय क्रमांक चार आणि पाच

सप्टेंबर उजाडला की तालुक्याच्या गावांतली मंगल कार्यालये लग्नांऐवजी सभांनी भरू लागतात. दारात हजेरीपटावर सही करायची, अहवालाची गुळगुळीत पुस्तिका घ्यायची, जमले तर पुढच्या रांगेत पंख्याखाली खुर्ची पकडायची. व्यासपीठावर पतसंस्थेचे संचालक मंडळ बसलेले असते. व्यवस्थापक माइकवर नोटिशीतले विषय एकेक करून वाचतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागून आवाज येतो, ‘मंजूर!’ ताळेबंद व नफातोटा पत्रक स्वीकारणे. ‘मंजूर!’ मग साधारण चौथ्या-पाचव्या क्रमांकावर दोन विषय येतात: ‘वैधानिक लेखापरीक्षण अहवालाचे वाचन करून नोंद घेणे’ आणि ‘मागील लेखापरीक्षण अहवालाच्या दोष दुरुस्ती अहवालाची नोंद घेणे’. वाचन होत नाही. ‘अहवाल संस्थेच्या कार्यालयात उपलब्ध आहे, सर्वांनी सहकार्य करावे,’ असे म्हटले जाते, तेवढ्यात तिसऱ्यांदा ‘मंजूर!’ येते आणि सभा लाभांशाच्या विषयाकडे सरकते.

वर्षभरात सभासदाच्या हाती जी काही खरी माहिती पडायची असते, ती नेमकी या दोन विषयांत असते. शिवाय पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेतल्या ठेवीसारखे पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षण नाही. संस्था अडचणीत आली की ठेवीदाराला कर्जवसुलीची वाट पाहत बसावे लागते. अशी अडचण सहसा एका रात्रीत येत नाही. ती आधी दोन-तीन वर्षे लेखापरीक्षण अहवालाच्या मधल्या पानांवर, टाइप केलेल्या कोरड्या वाक्यांत लिहिलेली असते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये या कामाचे वेळापत्रक स्पष्ट आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्यानंतर चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, लेखापरीक्षण पूर्ण व्हायला हवे. लेखापरीक्षकाने आपला अहवाल सभेची नोटीस निघण्यापूर्वी संस्थेला आणि निबंधकाला द्यायचा असतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. म्हणजे सभेची नोटीस सभासदाच्या घरी पोहोचते तेव्हा अहवाल संस्थेच्या कपाटात असायलाच हवा. ‘अहवाल अजून आलेला नाही’ हे उत्तर सभेत मिळाले, तर तोच पहिला दोष समजावा.

छापील पुस्तिकेत मात्र बहुधा पूर्ण अहवाल नसतो. तिथे अध्यक्षांचे मनोगत, ताळेबंद, नफातोटा पत्रक, अंदाजपत्रक आणि लेखापरीक्षकाचे एक पानी प्रमाणपत्र असते. ‘ऑडिट वर्ग अ’ हे शब्द मुखपृष्ठावर ठळक छापलेले असतात. लेखापरीक्षकाने ज्या पानांवर मुद्देनिहाय शेरे लिहिले आहेत, ज्याला जुने लोक ‘ऑडिट मेमो’ म्हणतात, ती पाने कार्यालयात राहतात. ती तिथे जाऊन वाचावी लागतात. कलम ७५ प्रमाणे लेखापरीक्षण अहवाल आणि आधीच्या अहवालाचा दोष दुरुस्ती अहवाल हे दोन्ही संचालक मंडळाने सभेपुढे ठेवायचे असतात, त्यामुळे ते मागणाऱ्या सभासदावर कोणी उपकार करत नसतो. तरीही टाळाटाळ झाली तर दुसरी वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळमधल्या थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितले, की सहकारी संस्था स्वतः सरसकट माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नसली तरी निबंधक येतो, आणि निबंधकाला कायद्याने जी माहिती संस्थेकडून मिळवता येते ती त्याच्याकडे मागता येते. लेखापरीक्षण अहवालाची प्रत तर त्याच्या कार्यालयात दाखलच झालेली असते.

अहवाल हातात आल्यावर वाचायला सुरुवात प्रमाणपत्रापासून करावी. त्यात एक वाक्य असते: ताळेबंद व नफातोटा पत्रक संस्थेच्या आर्थिक स्थितीचे खरे व वाजवी चित्र दाखवतात. या वाक्याच्या आधी काय लिहिले आहे ते पाहायचे. ‘सोबतच्या शेऱ्यांच्या अधीन राहून’ असे शब्द असतील, तर लेखापरीक्षकाने सही केली आहे पण हात राखून केली आहे. ताळेबंद खरा आहे, फक्त पुढच्या पानांवर मी जे लिहिले आहे ते लक्षात घेऊन खरा आहे, असा त्याचा अर्थ. पुस्तिकेत अनेकदा हे प्रमाणपत्र छापतात आणि ते ज्यांच्या अधीन आहे ते शेरे छापत नाहीत. सभासदाला अर्धे वाक्य दिले जाते.

पुढच्या पानांवरची भाषा सरकारी वळणाची असते आणि सुरुवातीला सगळे शेरे एकाच वजनाचे वाटतात. ते तसे नसतात. ‘सभासद नोंदवही अद्ययावत करावी’, ‘व्हाउचरवर प्राप्तकर्त्याची सही घ्यावी’ हे दुर्लक्षाचे दोष. ते दुरुस्त व्हायला हवेत, पण त्यांनी संस्था बुडत नाही. ‘याबाबत खुलासा व्हावा’ असे लिहिले असेल, तर लेखापरीक्षकाने विचारले होते आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. ‘तरतूद कमी केलेली आहे’ म्हणजे दाखवलेला नफा तेवढा खरा नाही. आणि ‘तपासणीस उपलब्ध झाले नाही’ हे सगळ्यांत जड वाक्य. कर्जरोखा, तारण गहाणखत, बँकेचा शिल्लक दाखला, मुदत ठेवीची मूळ पावती, यांपैकी काहीही ‘उपलब्ध झाले नाही’ असे लिहिलेले असेल, तर तो कागद कपाटात सापडला नाही की मुळात नाहीच, एवढा एकच प्रश्न उरतो. पहिल्या वाचनात पेन्सिल घेऊन ही तीन वाक्ये, म्हणजे खुलासा, तरतूद आणि उपलब्ध झाले नाही, जिथे जिथे दिसतील तिथे खूण करावी. तीस-चाळीस पानांच्या अहवालातून वाचण्याजोगी पाच-सहा ठिकाणे लगेच वर येतात.

त्यातही ‘तरतूद’ हा शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण पतसंस्थेचा नफा त्याच्यावर टांगलेला असतो. त्यासाठी एक उदाहरण मांडून पाहू. संस्था काल्पनिक आहे, आकडे सोपे घेतले आहेत, पण मुद्दा रोजचा आहे.

समजा, एका पतसंस्थेने वर्षअखेर २२ लाख रुपये नफा दाखवला. भागभांडवल १ कोटी २० लाख आहे आणि संचालक मंडळाने १० टक्के लाभांश सुचवला आहे, म्हणजे १२ लाख रुपये सभासदांत वाटायचे. पुस्तिकेतला हिशेब इथे संपतो. लेखापरीक्षकाच्या शेऱ्यात मात्र असे लिहिले आहे: नऊ कर्जखाती, एकूण येणे बाकी १ कोटी १० लाख, प्रत्यक्षात थकलेली असूनही नियमित दाखवली आहेत. या खात्यांवरचे १४ लाख रुपये व्याज वसूल न होता उत्पन्नात धरले आहे, त्यासाठी थकीत व्याज तरतूद केलेली नाही. आणि मुद्दलापोटी वर्गवारीप्रमाणे १९ लाख रुपयांची तरतूद व्हायला हवी होती, तीही केलेली नाही.

आता साधी वजाबाकी करायची. १४ आणि १९ मिळून ३३ लाख. दाखवलेला नफा २२ लाख. म्हणजे ज्या संस्थेच्या पुस्तिकेवर नफ्याचा आलेख छापला आहे ती खरे तर ११ लाखांच्या तोट्यात आहे. व्याज कागदावर आकारले, उत्पन्न म्हणून जमा धरले, पण पैसे आलेच नाहीत. लाभांशाचे १२ लाख मात्र खरेच द्यावे लागणार. ते न आलेल्या व्याजातून देता येत नाहीत, तेव्हा ते ठेवीदारांच्या पैशांतूनच जाणार. कायद्याने निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीला जावा लागतो आणि लाभांश नफ्यातूनच देता येतो, तोही १५ टक्क्यांच्या मर्यादेत. नफाच नसेल तर सभेपुढचा लाभांशाचा ठराव उभा राहत नाही. टाळ्या वाजवून लाभांश मंजूर करणाऱ्या सभासदाचीच मुदत ठेव त्या संस्थेत असते, म्हणून हा हिशेब त्याने स्वतः करायला हवा.

थकलेली खाती नियमित कशी दिसतात? गावात याला ‘नवे-जुने करणे’ म्हणतात. कर्जदाराचे आठ लाख थकले आहेत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्याच नावावर, किंवा बायकोच्या, भावाच्या नावावर साडेआठ लाखांचे नवे कर्ज मंजूर होते. त्या पैशांतून जुने खाते बंद होते. तिजोरीतून एक रुपयाही बाहेर गेलेला नसतो, आत आलेला नसतो. एका ट्रान्सफर व्हाउचरने जुने थकीत कर्ज नवे कोरे होते आणि ३१ मार्चला वसुलीची टक्केवारी झळकते. पुढच्या वर्षी हेच साडेआठ लाख साडेनऊ होतात. कर्जदार परतफेड करत नसतो, संस्था त्याच्या थकबाकीला दरवर्षी नवे नाव देत असते. अनुभवी लेखापरीक्षक म्हणूनच मार्च महिन्यातली कर्जवाटपाची व्हाउचरे वेगळी काढून पाहतो: एकाच तारखेला एक खाते बंद आणि दुसरे सुरू, दोन्ही रकमा जवळजवळ सारख्या, रोखीचा व्यवहार नाही.

सभासदाला दुसऱ्याचे कर्जखाते पाहायला मिळत नाही. कलम ३२ प्रमाणे त्याला ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहारांपुरत्या नोंदी पाहता येतात. नावे विचारून भर सभेत वाद घालण्यातही काही हाती लागत नाही, उलट ‘व्यक्तिगत माहिती देता येणार नाही’ म्हणून विषय संपवायला आयते कारण मिळते. पण एकूण आकडे विचारायला कोणतीच आडकाठी नाही. मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत किती कर्जखाती बंद झाली, त्यांतली किती ट्रान्सफर नोंदीने बंद झाली आणि त्यांची एकूण रक्कम किती? त्याच दहा दिवसांत नवी कर्जे किती वाटली? हे चार आकडे शेजारी शेजारी ठेवले की नवे-जुने झाले आहे का ते खुर्चीत बसलेल्या माणसालाही दिसते. त्याच्या जोडीला एक प्रश्न: लेखापरीक्षकाने सांगितलेली तरतूद केली असती तर नफा किती राहिला असता? याचे उत्तर फक्त एक रक्कम आहे. ती सांगायला व्यवस्थापकाला अर्धा मिनिटही लागू नये.

दुसरी जागा रोख शिल्लकेची. ३१ मार्चच्या ताळेबंदात ‘हातातील रोख’ म्हणून एक रक्कम असते. संस्थेच्या उपविधींत किंवा मंडळाच्या ठरावात रोख किती बाळगायची याची मर्यादा ठरलेली असते. ‘रोख शिल्लक वेळोवेळी मर्यादेपेक्षा अधिक ठेवल्याचे दिसून आले’ हा शेरा वाचताना साधा वाटतो. मर्यादा दोन लाखांची असताना रोजकीर्दीत महिनोन्‌महिने नऊ-दहा लाख शिल्लक दिसत असेल, तर जवळच बँक असूनही पैसा भरला का जात नाही, हे विचारायला हवे. कारण अनेकदा एवढेच असते की तो पैसा तिथे नसतो. वहीत रोख आहे, तिजोरीत कुणाची तरी चिठ्ठी.

हे मोठ्या संस्थेतही घडते. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत वहीतल्या रोखीपेक्षा तिजोरीत तब्बल १२२ कोटी रुपये कमी निघाले. १३ फेब्रुवारीला बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदार शाखांबाहेर रांगा लावून उभे राहिले. पुढे ऑगस्टमध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. ती बहुराज्य बँक होती, तिच्यावर देखरेख रिझर्व्ह बँकेची होती, दरवर्षी लेखापरीक्षणही होत होते. तरी नोटा मोजल्या त्या दिवशीच प्रकार उघड झाला. लेखापरीक्षणाची मर्यादा यातून नीट कळते: लेखापरीक्षक सगळे व्यवहार तपासत नाही, नमुन्यादाखल तपासतो, आणि वहीतला आकडा स्वतः मोजून पाहिला नसेल तर त्याची सही त्या आकड्याला खरे करत नाही. म्हणून अहवालात रोख मोजणीचा उल्लेख शोधावा. कोणत्या तारखेला मोजली, सर्व शाखांत मोजली का, अचानक मोजली की आधी कळवून? सभेत विचारायचा प्रश्नही तेवढाच सोपा आहे: वर्षभरात किती दिवस रोख शिल्लक मर्यादेपेक्षा जास्त होती आणि सगळ्यांत जास्त कोणत्या तारखेला किती होती?

बँकांतल्या शिलकेबाबतही तसेच. संस्थेची वही आणि बँकेचे विवरण यांतला फरक जुळवणारे ताळमेळ पत्रक दर महिन्याला व्हायला हवे. ‘ताळमेळ पत्रक तयार केलेले नाही’ असा शेरा असेल तर तो कारकुनी चुकांच्या यादीत टाकून देऊ नये.

संचालकांच्या कर्जांबद्दल फार लिहायला नको, कारण कायद्यानेच ते सोपे केले आहे. संचालकांना, त्यांच्या कुटुंबीयांना आणि ते ज्या फर्म-कंपन्यांत संचालक आहेत त्यांना दिलेली कर्जे, वर्षात झालेली परतफेड आणि वर्षअखेरची थकबाकी हे सगळे वार्षिक सभेपुढे ठेवणे कलम ७५ खाली बंधनकारक आहे. इथे मात्र व्यक्तिगत माहितीचे कारण चालत नाही. पुस्तिकेत ते पान नसेल तर ‘ते पान कुठे आहे?’ एवढे विचारणे पुरे.

आता विषय क्रमांक पाच, दोष दुरुस्ती अहवाल. सभासदाने एकच कागद वाचायचा म्हटला तर तो हा वाचावा. लेखापरीक्षणात दोष निघाले तर कलम ८२ प्रमाणे संस्थेने अहवालाच्या तारखेपासून तीन महिन्यांत त्यांचा खुलासा व दुरुस्ती निबंधकाला कळवायची असते आणि तो अहवाल पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा असतो. तो ‘ओ’ नमुन्यात असतो. एका बाजूला लेखापरीक्षकाचा मुद्दा, दुसऱ्या बाजूला संस्थेने केलेली पूर्तता, आणि त्यावर लेखापरीक्षकाने मुद्देनिहाय द्यायचा शेरा. पान उघडले की संस्थेचा स्वभाव कळतो.

पूर्ततेच्या रकान्यात ‘नोंद घेतली’, ‘यापुढे दक्षता घेऊ’, ‘कार्यवाही सुरू आहे’ असे लिहिलेले असेल तर काहीही झालेले नाही. खऱ्या पूर्ततेत तारीख आणि रक्कम असते: अमुक कर्जखात्याचे गहाणखत अमुक तारखेला नोंदवले, अमुक शाखेची जादा रोख अमुक तारखेला बँकेत भरली, स्लिप सोबत जोडली आहे. संशयित खात्यात पडून असलेली रक्कम, ज्याला संस्थेत सगळे ‘सस्पेन्स’ म्हणतात, कोणाची होती आणि कुठे वर्ग केली हे लिहिलेले असते. बाकी सारे शब्द वेळ काढण्यासाठी.

इथे एक हाताने करायचे काम आहे आणि त्याला लेखाशास्त्र यावे लागत नाही. लागोपाठ तीन वर्षांचे अहवाल मिळवायचे. एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखायचे आणि तिन्ही वर्षांतला एकेक शेरा समोरासमोर लिहायचा. पहिल्या वर्षी लेखापरीक्षक लिहितो, ‘चार कर्जदारांचे तारण दस्त तपासणीस उपलब्ध झाले नाहीत.’ दुसऱ्या वर्षी, ‘सात कर्जदारांचे.’ तिसऱ्या वर्षी तो शेराच नाही. मग दोन शक्यता राहतात: कागद सापडले, किंवा लेखापरीक्षक बदलला. कायद्याप्रमाणे एकाच लेखापरीक्षकाला ठरावीक वर्षांपेक्षा जास्त काळ सलग नेमता येत नाही, त्यामुळे लेखापरीक्षक बदलणे स्वाभाविक आहे. पण तो बदलल्यावर शेराही नाहीसा झाला असेल तर दोष दुरुस्ती अहवालात त्या सात दस्तांची पूर्तता सापडली पाहिजे. ती सापडली नाही, तर सात कर्जदारांकडून वसुलीसाठी न्यायालयात काय दाखवणार, हा प्रश्न तिसऱ्या वर्षीही तितकाच जिवंत आहे.

आणि लेखापरीक्षकाला नेमते कोण? हीच सर्वसाधारण सभा, शासनाच्या नामतालिकेतून. नोटिशीत बहुधा सातव्या-आठव्या क्रमांकावर तो विषय असतो आणि ‘नेमणुकीचे अधिकार संचालक मंडळास देणे’ असा ठराव तयार असतो. ज्यांचे हिशेब तपासायचे त्यांनाच तपासनीस निवडू द्यायचा, असे हे होते. सभासदांनी हा अधिकार सोडून देऊ नये. तालिकेतली दोन-तीन नावे समोर ठेवून मानधनासह सभेतच निर्णय घ्यावा.

सभेत उभे राहून बोलणे सगळ्यांना जमत नाही, आणि जमले तरी शेवटच्या रांगेतला आवाज पुढे पोहोचत नाही. त्यामुळे प्रश्न लेखी द्यावेत, नोटिशीत सांगितलेल्या मुदतीत, कार्यालयात दोन प्रतींत. एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. प्रश्न तीन-चारच असावेत आणि प्रत्येकाला अहवालातला पान क्रमांक व मुद्दा क्रमांक जोडावा. ‘कारभारात प्रचंड गोंधळ आहे, त्याचा खुलासा करावा’ असे लिहिले तर उत्तरही तितकेच मोघम येणार. ‘अहवाल पान १४, मुद्दा ९: नऊ खात्यांची कमी केलेली तरतूद चालू वर्षात केली आहे का, किती व कोणत्या तारखेला?’ असे लिहिले तर पळवाट राहत नाही. सभेत व्यवस्थापक म्हणतील, ‘काका, सभेनंतर केबिनमध्ये या, सगळे दाखवतो.’ जरूर जावे, पण आधी सभेत उत्तर द्यायला सांगावे आणि प्रश्न व उत्तर दोन्ही इतिवृत्तात घ्यायला सांगावे. पुढच्या वर्षी ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ हा पहिला विषय येतो तेव्हा तो प्रश्न तिथे आहे का ते बघावे. नसेल तर तेव्हाच हरकत नोंदवावी.

ठरावाला विरोध असेल तर तोही नावासह नोंदवून घ्यावा. लाभांशाच्या वरच्या उदाहरणात सभासद एवढेच सुचवू शकतो: लेखापरीक्षकाने सांगितलेली तरतूद आधी करावी आणि तोपर्यंत लाभांशाचा विषय पुढे ढकलावा. या सूचनेला आणखी दहा हात वर आले तर व्यासपीठावरून मिळणारे उत्तर बदलते.

सभेत उत्तर मिळाले नाही तर पुढची पायरी तालुक्यातल्या सहायक निबंधकाच्या किंवा जिल्हा उपनिबंधकाच्या कार्यालयाची. अर्जाला अहवालाची संबंधित पाने, लेखी प्रश्नांची शिक्का असलेली प्रत आणि इतिवृत्त जोडावे. निबंधकाला फेरलेखापरीक्षण लावता येते. एक पंचमांश सभासदांनी मागणी केली तर कलम ८३ खाली चौकशी होते, आणि निबंधक स्वतःहूनही ती लावू शकतो. लेखापरीक्षकाला हिशेबासंबंधी कुणी गुन्हा केल्याचे आढळले तर त्याने अहवाल दिल्यापासून पंधरा दिवसांत निबंधकाकडे विशेष अहवाल द्यायचा असतो आणि निबंधकाच्या लेखी परवानगीने पोलिसांत फिर्याद द्यायची असते. संस्थेचे झालेले नुकसान संबंधित संचालकांकडून आणि अधिकाऱ्यांकडून वैयक्तिकरीत्या वसूल करण्याची सोय कलम ८८ मध्ये आहे. या चौकशा लांबतात, वर्षे जातात, आणि तोवर ठेवीदाराच्या घरातले लग्न, आजारपण थांबत नाही. म्हणून शेरा पहिल्या वर्षी लिहिला जातो तेव्हाच विचारणे स्वस्त पडते.

‘ऑडिट वर्ग अ’ पाहून निश्चिंत राहणाऱ्यांना एवढेच सांगायचे: अ, ब, क, ड हे वर्ग गुणांवर मिळतात आणि गुण बऱ्याच बाबींचे मिळून होतात. चांगली वर्गवारी असलेल्या संस्थेच्याही अहवालात नऊ खात्यांचा शेरा असू शकतो. मुखपृष्ठावरचे अक्षर वाचून झाले की आतले पान उघडावे.

यंदाची नोटीस आली की विषयपत्रिकेवर हे दोन विषय कोणत्या क्रमांकावर आहेत ते पाहा, सभेच्या आधी एक दुपार काढून संस्थेच्या कार्यालयात जा आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि ‘ओ’ नमुन्यातले दोष दुरुस्ती अहवाल वाचायला मागा.